एक तारा, रागाचा रिव्ह्यू आणि आपलं उत्तर: खान्देशातल्या घरगुती खानावळींना पडणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या छोट्या, घरच्याच माणसांनी चालवलेल्या खानावळींसाठी हे पान आहे. उत्तरं गूगल मॅप्सवरचे रिव्ह्यू डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. समजायला सोपं जावं म्हणून सगळीकडे एकच नमुना घेतला आहे. हायवेला लागून सात टेबलांची खानावळ, रविवारची रात्र, आणि नंतर आलेला हा रिव्ह्यू:

«एकदम बकवास. पाऊण तास नुसतं बसवून ठेवलं. शेवभाजी आली तर शेवेचा पार लगदा, वरून इतकी तिखट की पोराला एक घास गेला नाही. पापड न मागता आणून ठेवला आणि त्याचे पैसे लावले. मालकाला सांगितलं तर म्हणे आमच्याकडं असंच असतं. परत पाय ठेवणार नाही.»

रिव्ह्यू दिसला की लगेच उत्तर द्यावं का?

त्याच रात्री नको. गल्ला मिटवून, भांडी आवरून अकरा वाजता मोबाइल हातात घेतलेला माणूस जे लिहितो ते सकाळी त्यालाच वाचवत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाची गर्दी ओसरली की बसा. दोन दिवसांच्या आत उत्तर गेलं तर पुरे.

कच्चा मजकूर उत्तराच्या चौकटीत लिहू नका. वहीत लिहा, किंवा स्वतःलाच व्हॉट्सअॅप करा. उत्तर नंतर बदलता येतं हे खरं. पण आपण उत्तर दिल्याची सूचना रिव्ह्यू लिहिणाऱ्याला जाते, आणि रागात असलेला माणूस आधी त्याचा स्क्रीनशॉट काढतो.

उत्तर द्यायची सोय कुठे असते?

खानावळीचं गूगलवरचं पान आपल्या नावावर पडताळलेलं असेल तरच मालक म्हणून उत्तर देता येतं. ज्या ईमेलवरून पडताळणी झाली त्याच ईमेलने मोबाइलवर लॉगिन करा, गूगलमध्ये आपल्याच खानावळीचं नाव शोधा, रिव्ह्यू उघडा. प्रत्येक रिव्ह्यूखाली उत्तराची जागा दिसते. पान पूर्वी कुणा भाच्याने किंवा जाहिरातवाल्याने उघडून दिलं असेल आणि ईमेल त्याच्याकडेच असेल, तर आधी तो ताबा आपल्याकडे घ्या. ऐन गरजेच्या दिवशी त्याचा फोन लागत नाही.

लिहिण्याआधी काय तपासायचं?

सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायचा. रिव्ह्यूतला राग बाजूला ठेवून त्यातली एकेक तक्रार सुटी काढायची. वरच्या नमुन्यात त्या पाच आहेत: उशीर, शेवेचा लगदा, तिखट, पापडाचे पैसे आणि मालकाचं बोलणं. प्रत्येकीचा मागमूस वेगळ्या ठिकाणी सापडतो.

उशिरासाठी ऑर्डरची चिठ्ठी आणि पैसे आल्याचा यूपीआयचा मेसेज बघा. समजा चिठ्ठीवर 8:50 आहे आणि स्वयंपाकघरातल्या माणसाच्या मते ताट सव्वानऊला गेलं. म्हणजे आपल्या हिशेबाने पंचवीस मिनिटं झाली आणि गिऱ्हाईक पाऊण तास म्हणतंय. इथे बहुतेक मालक चिडतात आणि «तुम्ही खोटं बोलताय» असं लिहून बसतात. पण गिऱ्हाईक बसल्यापासून मोजतं आणि आपण चिठ्ठी फाडल्यापासून. पाणी यायला, मेन्यू हातात पडायला, पोऱ्या टेबलाजवळ यायला लागलेली पंधरा-वीस मिनिटं आपल्या हिशेबात धरलेलीच नसतात. ती मिळवली की दोन्ही आकडे जवळजवळ जुळतात.

मग उशीर का झाला ते शोधा. शेवभाजीचा रस्सा तयारच असतो, उशीर करते ती भाकरी. एका तव्यावर भाकरी थापून, भाजून, फुगवून काढायला साधारण चार मिनिटं धरली तर तासाला पंधरा होतात. दोन तवे असले तर तीस. सात टेबलांवर अठ्ठावीस माणसं एकदम बसली आणि प्रत्येकाने दोन भाकरी घेतल्या तर छप्पन्न लागतात, म्हणजे पावणेदोन तासांहून जास्त काम. शेवटच्या टेबलाला उशीर होणारच होता, आणि तो होणार हे आपल्याला पहिल्या दहा मिनिटांतच कळायला हवं होतं. उत्तरात हा हिशेब लिहायचा नाही. पण तो केल्याशिवाय खरं कारण लिहिता येत नाही.

शेवेचा लगदाही याच उशिरातून आलेला असतो. भाजीची जाड, लसणाची तिखट शेव घातली तरी उकळत्या रश्शात पडली की बेसन पाणी ओढू लागतं. वाढताना घातली तर पहिले काही घास ती दाताखाली लागते. स्वयंपाकघरातच घालून वाटी भाकरीची वाट बघत ओट्यावर दहा मिनिटं राहिली तर शेव फुगून विरते आणि रस्साही आटतो. बारीक शेव असेल तर याच्या निम्म्या वेळात तेच होतं. तेव्हा विचारायचं ते एवढंच, की त्या रात्री शेव कुणी आणि कुठे घातली.

तारखेबद्दल एक. गूगलवर «2 दिवसांपूर्वी» असं दिसतं ती लिहिण्याची वेळ असते, जेवणाची नाही. हायवेवरून पुढे गेलेला माणूस सुरतला किंवा नागपूरला पोचून चार दिवसांनी लिहितो. त्यामुळे त्या एका रात्रीच्या चिठ्ठ्यांत काही सापडलं नाही म्हणून «हे गिऱ्हाईक आलंच नव्हतं» असं ठरवू नका. आठवडाभरातल्या चिठ्ठ्या चाळा.

उत्तर कोणी लिहावं?

ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याने नाही. आमच्या नमुन्यात गिऱ्हाइकाला तोंडावर उत्तर दिलं ते अण्णांनी. मग लिहावं सुनेने, मुलाने किंवा काउंटरवर बसणाऱ्या पुतण्याने, आणि पाठवण्याआधी अण्णांना वाचून दाखवावं. अण्णा हमखास म्हणतील, «एवढं नमतं कशाला घ्यायचं?» त्यांचं ऐकून घ्या. पण त्यांचा बदल फक्त चुकीच्या माहितीपुरता मान्य करा, सुरापुरता नाही.

उत्तरात काय लिहायचं? नमुना द्याल का?

तपासात जे निघालं त्यावरून असं उत्तर होतं:

«नमस्कार. त्या रात्री तुम्हाला इतका वेळ थांबावं लागलं आणि त्यानंतर आलेली शेवभाजीही नीट नव्हती, याबद्दल आम्ही मनापासून क्षमा मागतो. सगळी टेबलं एकदम भरली, भाकऱ्यांना उशीर झाला आणि तेवढा वेळ भाजीची वाटी शेवेसकट तशीच राहिली. म्हणून शेव विरली. आता आम्ही शेव वेगळ्या वाटीत देतो, आणि गर्दी असली तर किती वेळ लागेल हे ऑर्डर घेतानाच सांगतो. सोबत लहान मूल होतं, तेव्हा तिखट कमी हवं का हे आम्हीच विचारायला हवं होतं. पापडाचे पैसे वेगळे असतात, पण तो न विचारता आणून ठेवायला नको होता. आणि तुम्ही तक्रार सांगितल्यावर जे उत्तर मिळालं ते योग्य नव्हतं. तुम्हाला बोलायचं असेल तर दुपारी 3 ते 6 या वेळात बिलावरच्या नंबरवर फोन करा, आम्ही घरचेच कोणीतरी उचलतो.»

खाली लिहिणाऱ्याचं पहिलं नाव आणि खानावळीचं नाव. एवढंच.

यात काय काय केलं आहे ते पाहा. सुरुवातच गिऱ्हाइकाच्या त्रासापासून आहे. «आपल्या बहुमूल्य अभिप्रायाबद्दल धन्यवाद» असं छापील वाक्य नाही. एक तारा देणाऱ्याला धन्यवाद दिले की ते टोमण्यासारखं वाचलं जातं. कारण दोन छोट्या वाक्यांत सांगितलं आहे आणि ते क्षमेच्या नंतर आलं आहे. आधी आलं असतं तर तीच सबब झाली असती. बदल दोन सांगितले आहेत आणि दोन्ही उद्यापासून करता येतील असे आहेत. «आम्ही सेवा सुधारण्याचा प्रयत्न करू» यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. «शेव वेगळ्या वाटीत देतो» म्हटलं की पुढच्या गिऱ्हाइकाला ते टेबलावर दिसतं. आणि म्हणूनच ती वाटी खरोखर सुरू झाल्याशिवाय हे वाक्य लिहायचं नाही. आठवड्याने कुणी फोटो टाकला आणि त्यात शेव रश्शात बुडालेली दिसली तर पहिल्या रिव्ह्यूपेक्षा ते जास्त महागात पडतं.

पण आपली शेवभाजी तिखटच असते. त्याची क्षमा कशाला?

तिखटाची क्षमा मागितलेलीच नाही, न विचारल्याची मागितली आहे. खान्देशी काळ्या मसाल्याचा रस्सा, वर तर्री, हे ज्यासाठी लोक येतात ते बदलायचं कारण नाही. «आमचं जेवण फार तिखट असतं, तुम्हाला सोसलं नाही» हे वाक्य मात्र टाळा. ते खरं असलं तरी बाहेरच्या माणसाला हिणवल्यासारखं लागतं, आणि हे वाचणारं पुढचं कुटुंबही पोराबाळांसह येणार असतं.

स्वयंपाकघरातली अडचण अशी की एकदा शिजलेल्या रश्शातलं तिखट कमी होत नाही. पाणी घातलं तर नुसता पातळ होतो. म्हणून मसाला कमी घातलेला थोडा रस्सा वेगळा ठेवावा लागतो, नाहीतर मुलांसाठी साधं वरण, दही, तूप-भाकरी अशी सोय लागते. यांतलं जे आपल्याकडे खरोखर मिळतं तेवढंच उत्तरात लिहा.

गिऱ्हाइकाने बोलण्याचा उलटाच अर्थ काढला असेल तर?

«आमच्याकडं असंच असतं» हे अण्णा कदाचित चवीबद्दल म्हणाले असतील आणि गिऱ्हाइकाने ते शेवेच्या लगद्याबद्दल ऐकलं असेल. असं होतं. तरी उत्तरात «आमच्या वडिलांचा तसा हेतू नव्हता» असं लिहून वकिली करू नका. तिसऱ्या माणसाने ते संभाषण ऐकलेलं नाही, आणि तक्रार सांगितल्यावर गिऱ्हाईक नाराज होऊन उठलं एवढं तर खरंच आहे. नमुन्यात म्हणून «जे उत्तर मिळालं ते योग्य नव्हतं» एवढंच आहे. कोण म्हणालं, काय म्हणायचं होतं, काही नाही. पोऱ्याच्या नावावर ढकलणं तर अजिबात नको. गावात तो कोण हे सगळ्यांना माहीत असतं.

पापडाच्या पैशांसारख्या बिलाच्या तक्रारीत आपलं बरोबर असेल तर तसं सांगायचं का?

सांगायचं, अर्ध्या वाक्यात. मेन्यूवर किंमत लिहिलेली असेल तर «पैसे वेगळे असतात» पुरेसं आहे. पण न मागता ताटाशेजारी ठेवलेल्या वस्तूचे पैसे लावणं ही सवयच वाईट. गिऱ्हाइकाला तो पापड जेवणातलाच वाटतो.

बिलावर सर्व्हिस चार्ज आपोआप लावत असाल तर उत्तर लिहिण्याआधी तो बंद करा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्येच तसं न करण्याच्या सूचना काढल्या आहेत, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये त्या कायम ठेवल्या. कंपोझिशन योजनेत असाल तर गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेता येत नाही. तो बिलावर दिसतो अशी तक्रार असेल तर गिऱ्हाईक बरोबर आहे; फरक परत करा आणि तसं लिहा.

पाण्याच्या बाटलीचं मात्र गंमतशीर आहे. टेबलावर वाढून दिलेल्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतं असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर 2017 चा निकाल आहे. तरी पाच रुपयांसाठी रिव्ह्यूखाली कोर्टाचा निकाल लिहिणारा खानावळवाला कोणाला आवडत नाही.

पैसे परत किंवा एक जेवण फुकट देतो असं उत्तरातच लिहावं का?

नको. एक तर पुढचा प्रत्येक जण तेच वाचून येतो. दुसरं, रिव्ह्यू काढण्याच्या किंवा बदलण्याच्या बदल्यात काही देणं गूगलच्या नियमांत बसत नाही. भाजीचे पैसे परत करणं रास्त वाटत असेल तर फोनवर बोला, यूपीआयने पाठवा, आणि त्या बोलण्यात रिव्ह्यूचा विषयही काढू नका. कित्येकदा माणूस स्वतःहून तारे वाढवतो. नाही वाढवले तरी पैसे देणं योग्यच होतं.

गिऱ्हाईक ओळखीचं निघालं. त्याचं नाव, आडनाव, गाव लिहिलं तर?

रिव्ह्यूवर नाव दिसत असलं तरी त्याचा फोन नंबर, गाडी, सोबत कोण होतं, काय काय मागवलं, किती बिल झालं, यातलं काहीही लिहू नका. «तुम्ही तर चार जणांत दोन ताटं घेतली होती» हे वाक्य तात्पुरतं समाधान देतं आणि वाचणाऱ्या प्रत्येकाला सांगतं की ही माणसं आपलंही असंच काढतील. बिलाचा फोटो टाकणं तर सगळ्यात वाईट.

उत्तर मराठीत, हिंदीत की अहिराणीत?

रिव्ह्यू ज्या भाषेत आहे त्या भाषेत. हिंदीला हिंदीत, इंग्रजीला साध्या इंग्रजीत. शाळेत जाणाऱ्या मुलाकडून तपासून घ्या. अहिराणीत किंवा लेवा बोलीत लिहिणारा आपल्याच भागातला असतो, त्याला त्याच बोलीत उत्तर दिलं तर राग लवकर निवतो. पण मराठीत रागावलेल्या अनोळखी माणसाला «काय भो, एवढं काय मनावर घेता» असं लिहिलं तर ती जवळीक वाटत नाही, उडवून लावल्यासारखं वाटतं. अनोळखी माणसाला «तुम्ही» किंवा «आपण». दादा, ताई, भाऊ काउंटरवर छान वाटतात. लेखी उत्तरात ते नसलेलेच बरे.

रिव्ह्यू सरळसरळ खोटा असेल तर?

आधी दोन प्रकार वेगळे करा. आपल्याला अन्यायकारक वाटणारा रिव्ह्यू म्हणजे खोटा रिव्ह्यू नव्हे, आणि चव किंवा वागणुकीवरून झालेल्या वादात गूगल पडत नाही. दुसऱ्याच हॉटेलबद्दल लिहिलेलं, शिवीगाळ, जातीवरून बोललेलं, समोरच्या धाब्यावाल्याने टाकलेलं, अशांसाठी रिव्ह्यूशेजारच्या तीन ठिपक्यांवरून तक्रार नोंदवता येते. कारण निवडावं लागतं, ते नेमकं निवडा. निकाल विरोधात गेला तर एकदा अपील करता येतं.

तोवर खाली शांत उत्तर ठेवा: «तुम्ही लिहिलेला पनीर टिक्का आमच्या मेन्यूत नाही, त्यामुळे कदाचित दुसऱ्या ठिकाणाबद्दल असावं. तरी आमच्याकडेच जेवला असाल तर कृपया बिलावरच्या नंबरवर कळवा.» स्पर्धकाचं नाव घ्यायचं नाही, पुरावा असला तरी. उद्या तोच अब्रुनुकसानीची भाषा करू लागेल.

जेवणात केस, अळी निघाली किंवा पोट बिघडलं असं लिहिलं असेल तर?

हे वरच्या नमुन्याने निभावत नाही. इथे दोन दिवस थांबायचं नाही, त्याच दिवशी उत्तर द्यायचं आणि ते छोटं ठेवायचं: वाचून वाईट वाटलं, तब्येत कशी आहे, कोणत्या दिवशी आणि काय खाल्लं ते फोनवर सांगा, आम्ही तपासतो आहोत. «आमच्याकडे असं होऊच शकत नाही» हे लिहू नका, आणि तपासण्याआधी «आमच्या भाजीमुळेच झालं» असंही नको. भरताची वांगी भाजून सोलताना आत अळी निघणं थंडीतही अशक्य नाही. वांगं उभं चिरून बघितल्याशिवाय ठेचलं तर ती सरळ भरतात जाते. तेव्हा त्या दिवशी वांगी कुणी सोलली आणि चिरून पाहिली का, हे विचारा. खाद्य परवान्याचा 14 आकडी क्रमांक बिलावर आहे ना हेही त्याच दिवशी बघून घ्या. अशी तक्रार पुढे अन्न व औषध प्रशासनाकडे गेली तर पहिला प्रश्न तोच असतो.

गिऱ्हाइकाने पुन्हा रागाने लिहिलं तर?

एका रिव्ह्यूखाली मालकाचं एकच उत्तर राहतं. त्याने रिव्ह्यू बदलला तर आपल्याला आपलंच उत्तर बदलावं लागतं. नवी माहिती असेल तरच बदला, शेवटी एखादं वाक्य जोडून. नुसता राग वाढला असेल तर जुनं उत्तर आहे तसं राहू द्या.

घरच्यांना, मित्रांना पाच-पाच तारे द्यायला सांगून एक तारा झाकता येईल का?

एकाच दिवशी आठ नवे पाच-तारे, त्यांतले चार एकाच आडनावाचे, आणि सगळ्यांत «अप्रतिम चव, नक्की भेट द्या». हे कोणालाही कळतं. गूगल असे रिव्ह्यू काढूनही टाकतं. त्याऐवजी जेवून समाधानाने उठलेल्या खऱ्या गिऱ्हाइकाला बिल देताना सांगा की मॅप्सवर लिहा. चांगलंच लिहा असं मात्र म्हणू नका.

उत्तर टाकल्यावर काय?

फोनची वेळ 3 ते 6 दिली आहे, तर त्या वेळात तो फोन चार्जिंगला आतल्या खोलीत पडून राहता कामा नये. त्याच काळात घरचे जेवायला आणि आडवं व्हायला जातात, म्हणून एकाचं नाव ठरवून टाका. पुढच्या रविवारी सातच्या आत तिसरा तवा चुलीवर चढला का, शेव वेगळ्या वाटीत गेली का, आणि पोऱ्याने «पापड आणू का?» विचारलं का, हे काउंटरवरच्या माणसाने बघायचं.